मोठं गिऱ्हाईक तोट्यात कसं जातं?

स्वीडनमधल्या हालस्टाहामर या गावात कंथाल नावाची कंपनी आहे. टोस्टर, केस वाळवण्याचं यंत्र, कारखान्यातली विजेची भट्टी अशा ठिकाणी तापून लाल होणारी तार ती बनवते. १९८०च्या दशकात कंपनीचे प्रमुख कार्ल-एरिक रिडरस्ट्रॉले यांना धंदा वाढवायचा होता, पण विक्री आणि कार्यालयातली माणसं वाढवायची नव्हती. म्हणजे असलेल्या माणसांची मेहनत कुठे खर्च होते ते आधी शोधायला हवं होतं. त्यांनी प्रत्येक ग्राहकाचा वेगळा हिशेब मांडायला लावला. त्याला विकलेल्या मालावरचा नफाच नव्हे, तर त्याच्या ऑर्डरी घेण्यापासून माल पोचवण्यापर्यंतचा खर्चही त्यात धरला.

हिशेब हाती आला तेव्हा वरचे २० टक्के ग्राहक कंपनीच्या एकूण नफ्याच्या २२५ टक्के कमावून देत होते. मधले ७० टक्के जेमतेम बरोबरीत होते. आणि उरलेले १० टक्के ग्राहक नफ्याच्या १२५ टक्के इतकी रक्कम घालवत होते. शंभर रुपये नफा दाखवणारी कंपनी प्रत्यक्षात सव्वादोनशे कमावून सव्वाशे गमावत होती, आणि ताळेबंदात फक्त शंभर दिसत होते.

त्याहून मोठा धक्का पुढे होता. सर्वांत जास्त तोटा देणाऱ्यांपैकी दोघे विक्रीच्या आकड्यांत पहिल्या तिघांत मोडत होते. या दोघांनीही आपल्याकडे साठा न ठेवता, लागेल तेव्हा लागेल तेवढाच माल मागवायला सुरुवात केली होती. साठ्याचा भार त्यांच्या गोदामातून उठून कंथालच्या गोदामात आला होता; भाव मात्र जुनाच राहिला होता. शिवाय त्यांतला एक तर कंथालला राखीव पुरवठादार म्हणून वापरत होता. त्याच्या मुख्य पुरवठादाराला जमलं नाही की छोट्या, स्वस्त, आडवळणाच्या ऑर्डरी कंथालकडे यायच्या.

हार्वर्डचे प्राध्यापक रॉबर्ट कॅप्लान यांनी कंथालची ही कहाणी अभ्यासासाठी लिहून काढली आणि ती व्यवस्थापनाच्या वर्गांत जगभर शिकवली गेली. मोठेच ग्राहक तोट्यात का सापडतात, याचं उत्तर ऐकल्यावर सोपं वाटतं. महिन्याला दहा हजारांचा माल नेणारं छोटं दुकान ठरवूनही तुमचं फार नुकसान करू शकत नाही. मोठा तोटा करून द्यायला गिऱ्हाईकही मोठंच लागतं. ते घासाघीस करून भाव पाडून घेतं, उधारी लांबवतं, हक्काने अर्जंट माल मागतं, आणि त्याला कोणी नाही म्हणत नाही.

या प्रकारच्या हिशेबाला ‘कॉस्ट टू सर्व्ह’ म्हणतात, म्हणजे गिऱ्हाइकाला सेवा देण्याचा खर्च. कंथाल तार बनवते, पण हा हिशेब सर्वांत जास्त लागू पडतो तो वितरकाला. वितरक माल बनवत नाही. तो आणलेला माल ठेवतो, मोजून काढतो, पोचवतो, उधार देतो आणि वसूल करतो. मालाच्या किमतीवर त्याला सुटणारं मार्जिन आठ-दहा टक्क्यांच्या घरात असेल, तर त्याचा सगळा धंदा या कामांच्या खर्चावरच तरतो किंवा बुडतो. आणि नेमके हेच खर्च त्याच्या हिशेबात ‘पगार’, ‘डिझेल’, ‘व्याज’ अशा ठोक रकमांत दडून बसतात. कोणाच्या नावावर किती, ते कुठेच लिहिलेलं नसतं.

उदाहरणासाठी नाशिकमधला विजेच्या सामानाचा एक वितरक समजूया. वितरक काल्पनिक आहे आणि आकडेही हिशेब समजावा म्हणून घेतलेले आहेत, पण असा धंदा पाहिलेल्याला ते अनोळखी वाटू नयेत. महिन्याची विक्री एक कोटी. वायर, स्विच, एमसीबी, कॉन्टॅक्टर, केबल ग्लँड असा माल. गिऱ्हाइकं दोन तऱ्हेची: आसपासच्या गावांतली इलेक्ट्रिकलची दुकानं आणि अंबड-सातपूरच्या औद्योगिक वसाहतींतले कारखाने.

पहिलं काम म्हणजे खर्चाचे दर काढणं. इथे कॅप्लान आणि स्टीव्हन अँडरसन यांनी २००४ मध्ये मांडलेली पद्धत छोट्या धंद्याला फार सोयीची आहे. त्याआधीच्या पद्धतीत कर्मचाऱ्यांना विचारत, ‘तुमचा किती टक्के वेळ कशात जातो?’ सगळे जण बेरीज शंभर होईल अशी उत्तरं देत. रिकामा वेळ कोणी सांगत नसे. नव्या पद्धतीत दोनच गोष्टी लागतात: एका मिनिटाचा खर्च किती, आणि एका कामाला मिनिटं किती.

आपल्या वितरकाच्या ऑफिसात तिघे जण ऑर्डर घेणं, साठा पाहणं आणि बिल करणं ही कामं करतात. त्यांचा पगार, फोन, संगणक धरून महिन्याला ७५,००० रुपये. रोज आठ तास, महिन्याचे २६ दिवस धरले तर तिघांची मिळून साधारण साडेसदतीस हजार मिनिटं होतात. पण माणूस चहा पितो, रजा घेतो, जरा बोलतो. म्हणून त्यातली ८० टक्के, म्हणजे ३०,००० मिनिटंच कामाची धरायची. मिनिटाला अडीच रुपये. एका ऑर्डरला बारा मिनिटं लागत असतील तर ऑर्डर एक रुपयाची असो की एक लाखाची, तिचा ऑफिसखर्च तीस रुपये. ऑर्डरमधल्या प्रत्येक आयटमला आणखी दोन मिनिटं, म्हणजे पाच रुपये.

गोदामात पाच जण, महिन्याचा खर्च एक लाख, कामाची मिनिटं पन्नास हजार. दर दोन रुपये मिनिट. रॅकवरून आयटम शोधून, मोजून, बांधायला चार मिनिटं, म्हणजे आठ रुपये. अशा रीतीने एका आयटममागे ऑफिस आणि गोदाम मिळून तेरा रुपये होतात.

उरला माल पोचवण्याचा खर्च. दोन छोटा हत्ती आहेत. ड्रायव्हर, डिझेल, हप्ता, टायर सगळं मिळून महिन्याला १,३०,००० रुपये. प्रत्येक गाडी दिवसाला दहा ठिकाणी थांबते, म्हणजे महिन्याला ५२० थांबे. एका थांब्याचे २५० रुपये. गाडी निघून गेल्यावर अर्जंट ऑर्डर आली तर भाड्याचा रिक्षाटेम्पो, एका खेपेला ४५० रुपये. सेल्समन एकदा जाऊन येण्याचे ३०० रुपये, आणि उधारीत अडकलेल्या पैशावर महिन्याला एक टक्का व्याज. दर इतकेच. आणखी पन्नास दर काढता येतात, पण ते काढत बसणारे सहसा हिशेब पुरा करत नाहीत.

आता दोन गिऱ्हाइकं शेजारी ठेवू.

सिन्नरचं एक दुकान महिन्याला ९०,००० रुपयांचा माल घेतं. मार्जिन दहा टक्के, म्हणजे ९,००० रुपये. दुकानदार आठवड्याला एकदा, ठरल्या दिवशी, पंधरा आयटमची ऑर्डर देतो. महिन्याच्या चार ऑर्डरींचे १२० रुपये, साठ आयटमचे ७८०, चार थांब्यांचे १,०००. पैसे वीस दिवसांत येतात, त्याचं व्याज ६००. सेल्समन दोनदा जातो, ६०० रुपये. एकूण ३,१०० रुपये खर्च, हातात ५,९०० शिल्लक. या दुकानदाराचं नाव मालकाला आठवेलच असं नाही.

अंबडमधला पॅनेल बनवणारा कारखाना मात्र मालकाला तोंडपाठ असतो. दिवाळीची मिठाई तिथे मालक स्वतः घेऊन जातो. महिन्याला चार लाखांची खरेदी, मार्जिन आठ टक्के, म्हणजे ३२,००० रुपये. वरवर पाहता सिन्नरच्या दुकानाच्या साडेतीन पट कमाई.

या कारखान्याचा खरेदीचा माणूस दिवसातून दोनदा फोन करतो. महिन्यात ४४ ऑर्डरी, एकूण १७६ आयटम. ऑर्डरींचे १,३२० आणि आयटमचे २,२८८ रुपये. इथवर काही बिघडत नाही. पण ३० थांबे रोजच्या गाडीने म्हणजे ७,५०० रुपये, आणि १४ खेपा भाड्याच्या टेम्पोने म्हणजे ६,३०० रुपये. पैसे नव्वद दिवसांनी. बारा लाख रुपये कायम बाहेर, त्यावर महिन्याला १२,००० व्याज. सहा वेळा माल परत येतो. प्रत्येक वेळी गाडीचा थांबा, तपासणी, क्रेडिट नोट, पुन्हा रॅकवर लावणं धरून ३६० रुपये, म्हणजे २,१६०. सेल्समनच्या आठ चकरा, २,४०० रुपये. बेरीज ३३,९६८. बत्तीस हजार मिळवण्यासाठी जवळपास चौतीस हजार खर्च झाले, आणि यात गोदामाचं भाडं, वीज, मालकाचा स्वतःचा वेळ अजून धरलेलाच नाही.

इथे थांबून ‘हे गिऱ्हाईक सोडून द्या’ असा निष्कर्ष काढणं ही या हिशेबातली सर्वांत महाग चूक ठरते. कारण तोटा गिऱ्हाइकात नसतो, त्याच्या वागण्याच्या पद्धतीत असतो. आणि ती पद्धत पाहायची तर ग्राहकाच्या पातळीवरून खाली ऑर्डरीच्या पातळीवर उतरावं लागतं.

या कारखान्याची सरासरी ऑर्डर नऊ हजारांची आहे. नऊ हजारांवर आठ टक्के म्हणजे सातशेवीस-पंचवीस रुपये सुटतात, आणि चार आयटमची ऑर्डर नेहमीच्या गाडीने पोचवायला ३३२ रुपये लागतात. सरासरी ऑर्डर नफ्यात आहे. पण सरासरी ऑर्डर प्रत्यक्षात कोणीच देत नाही. यादी रकमेच्या क्रमाने लावली की दिसतं, काही ऑर्डरी पंचवीस-तीस हजारांच्या आहेत आणि बऱ्याच दोन हजारांच्या आतबाहेर. अर्जंट म्हणून गेलेल्या १४ खेपा तर बहुतेक एका-दोन आयटमच्या. अठराशे रुपयांचे ग्लँड आणि लग. त्यांवर सुटले १४४ रुपये, टेम्पोला दिले ४५०.

याच दरांवरून वितरकाला एक उपयोगी आकडा मिळतो. तीन आयटमची ऑर्डर नेहमीच्या गाडीने पोचवायला ३१९ रुपये लागतात. आठ टक्के मार्जिनवर तेवढे सुटायला ऑर्डर साधारण चार हजारांची हवी. त्याखालची प्रत्येक ऑर्डर, व्याज धरण्याआधीच, खिशातून पैसे घालून पोचवलेली असते. अनेक वितरक ‘किमान ऑर्डर’ ठरवतात ती शेजारच्याने किती ठेवली आहे ते पाहून. ती अशी स्वतःच्या थांब्याच्या खर्चावरून काढायला हवी.

मग ऑर्डरी इतक्या तुटक का येतात? हे विचारायला मालकाने स्वतः जावं. सेल्समनला पाठवलं तर तो भाव कमी करून परत येतो. बहुतेक वेळा कारण साधं निघतं. कारखान्यात पॅनेलचं काम सुरू झालं की कारागीर स्टोअरमध्ये येतो, ग्लँड संपलेले असतात, स्टोअरवाला फोन करतो. त्याला दोनदा फोन करण्याची काही किंमत पडत नाही, म्हणून तो दोनदा करतो. ग्लँड, लग, फेरूल अशा बारीकसारीक मालाची महिन्याभराची पेटी त्याच्याकडे ठेवून दिली, आणि बाकीच्या ऑर्डरी मंगळवारी व शुक्रवारी घ्यायचं ठरलं, तर चित्र पालटतं.

नऊ ठरलेल्या ऑर्डरी आणि तीन अर्जंट. एकच आयटम चार वेळा मागवणं थांबल्याने १७६ चे १२० आयटम होतात. परत येणारा माल निम्मा होतो, कारण घाईत चुकीचा माल काढणंही कमी होतं. सहा परतींपैकी तीन वितरकाच्याच गोदामाच्या चुका होत्या. त्या गिऱ्हाइकाच्या नावावर टाकून मोकळं होणं सोपं असतं, पण तो खर्च आपला आहे हे हिशेबात वेगळं लिहावं लागतं. नव्याने बेरीज केली तर खर्च येतो २१,००० आणि शिल्लक ११,०००. विक्री तेवढीच, भावही तोच. उधारी नव्वदवरून साठ दिवसांवर आली तर आणखी चार हजार.

या बचतीकडे मात्र जरा संशयाने पाहायला हवं. नेहमीच्या गाडीचे थांबे तीसवरून नऊवर आले म्हणजे कागदावर ५,२५० रुपये वाचले. पण गाडीचा हप्ता तेवढाच, ड्रायव्हरचा पगार तेवढाच. डिझेल थोडं वाचेल, बाकी काही नाही. मोकळे झालेले एकवीस थांबे दुसऱ्या गिऱ्हाइकांना वापरले, किंवा अशाच बदलांतून एक गाडी कमी करता आली, तरच ते पैसे खरे. भाड्याच्या टेम्पोचे ४,९५० मात्र लगेच, रोख वाचतात. व्याजही खरं वाचतं, जर तो पैसा बँकेच्या कॅश क्रेडिटमधून उचललेला असेल तर.

गिऱ्हाईक सोडताना हाच मुद्दा उलटा फिरतो. कारखाना सोडला की ३२,००० चं मार्जिन त्याच दिवशी जातं, पण चौतीस हजारांतला पगार आणि गाडीचा खर्च जागेवरच राहतो. तो आता उरलेल्या गिऱ्हाइकांवर वाटला जातो, आणि कालपर्यंत बरोबरीत असलेली चार दुकानं आज तोट्यात दिसू लागतात. मग त्यांनाही सोडायचं का? असं करत धंदाच आटतो. याच कारणासाठी मिनिटांचा दर काढताना रिकामी क्षमता गिऱ्हाइकांच्या माथी मारायची नाही. गाड्या ५२० ऐवजी ४०० च थांबे करत असतील, तरी थांब्याचा दर २५० च ठेवायचा, आणि न वापरलेल्या १२० थांब्यांचे ३०,००० ‘रिकामी गाडी’ म्हणून वेगळे दाखवायचे. तो प्रश्न मालकाचा आहे, सिन्नरच्या दुकानदाराचा नाही.

दुसरी खबरदारी काळाची. एका महिन्याच्या आकड्यांवर कोणाला तोट्यातला ठरवू नये. पावसाळ्यात बांधकामं मंदावतात, दिवाळीआधी दुकानं साठा भरतात, मार्चअखेर कंपनीचं टार्गेट गाठायला वितरक स्वतःच माल ढकलतो आणि एप्रिलमध्ये तोच परत घेतो. ही शेवटची सवय हिशेबात गिऱ्हाइकाची परत म्हणून दिसते, पण तिचं मूळ वितरकाच्या स्वतःच्या टार्गेटमध्ये असतं. निदान वर्षभराचे आकडे घ्यावेत, आणि नव्या गिऱ्हाइकांची यादी वेगळी ठेवावी. त्यांच्यावर सुरुवातीला खर्च जास्त होणारच.

सगळ्या गिऱ्हाइकांचा असा हिशेब झाला की त्यांना जास्त नफ्यापासून जास्त तोट्यापर्यंत ओळीने लावतात आणि बेरीज करत जातात. आलेखाची रेघ आधी वेगाने चढते, एकूण नफ्याच्या कितीतरी वर जाते, मधे सपाट होते आणि शेवटी खाली येते. पाण्याबाहेर आलेल्या देवमाशाच्या पाठीसारखी ती दिसते, म्हणून तिला ‘व्हेल कर्व्ह’ म्हणतात. कंथालच्या रेघेचं शिखर २२५ वर होतं. शेवटच्या उतरणीवरच्या नावांकडे सगळ्यांची नजर जाते, पण आधी डावीकडच्या चढावर कोण आहे ते पाहावं. ती गिऱ्हाइकं गेली तर धंदा संपतो, आणि त्यांच्याकडे गेल्या वर्षात कोणी फिरकलेलंही नसतं.

तोट्यातल्या गिऱ्हाइकाशी बोलायचं कसं, याचं एक जुनं उदाहरण अमेरिकेतल्या ओवेन्स अँड मायनर या कंपनीचं आहे. रुग्णालयांना हातमोजे, सुया, ड्रेसिंग असा माल पोचवणारा हा मोठा वितरक. सुमारे तीन अब्ज डॉलरची उलाढाल असूनही १९९५ मध्ये तोट्यात गेला. तिथली रीत अशी की मालाच्या किमतीवर ठरावीक टक्के वितरकाचे. दहा डॉलरचं खोकं आणि हजार डॉलरचं खोकं पोचवायला मेहनत सारखीच, पण मोबदला शंभर पट वेगळा. रुग्णालयांना हे कळत होतं. महाग माल ती थेट उत्पादकाकडून घेऊ लागली आणि स्वस्त, जागा अडवणारा माल वितरकाकडे राहिला. त्यात काही रुग्णालयांनी स्वतःचा साठा बंद करून, वॉर्डापर्यंत रोज माल आणून द्या, अशी मागणी धरली.

ओवेन्स अँड मायनरने टक्केवारी सोडून कामाप्रमाणे आकार लावणारा पर्याय पुढे ठेवला. ऑर्डरी किती, प्रत्येक ऑर्डरीत आयटम किती, आठवड्यात किती वेळा गाडी हवी, यावर शुल्क. रोज गाडी हवी असेल तर जरूर मागवा, पण तिचे पैसे वेगळे दिसतील. असं झाल्यावर रुग्णालयाचा खरेदी अधिकारी स्वतःच ऑर्डरी एकत्र करू लागतो, कारण पहिल्यांदाच त्यात त्याचा फायदा असतो. अडचण अशी की ज्यांना सेवा जास्त आणि पैसे कमी अशी जुनी रीत मानवत होती, त्यांना हा बदल नको असतो, आणि शेजारचा वितरक अजून टक्केवारीतच माल देत असतो.

नाशिकच्या वितरकाला इतका मोठा फेरबदल करण्याची गरज नाही. चार हजारांवरच्या ऑर्डरीला पोचवणं मोफत, खालच्या ऑर्डरीला डिलिव्हरी चार्ज; ठरलेल्या दिवशीच्या ऑर्डरीला अर्धा टक्का सूट; पंधरा दिवसांत पैसे दिले तर आणखी एक टक्का. पण हे दर जाहीर करण्याआधी सेल्समनचं कमिशन बदलावं लागतं. तो एकूण विक्रीवर टक्केवारी घेत असेल, तर अठराशेची अर्जंट ऑर्डर त्याच्यासाठी फायद्याचीच असते आणि डिलिव्हरी चार्ज माफ करण्याची शिफारस तोच सर्वांत आधी घेऊन येतो. कमिशन सेवाखर्च वजा करून उरलेल्या रकमेवर ठेवलं तर तो भांडेल, दर चुकीचे आहेत म्हणेल, ‘थांब्याला अडीचशे कसे?’ विचारेल. त्याला गाडीचं लॉगबुक आणि डिझेलच्या पावत्या घेऊन शेजारी बसवावं. त्याच्या काही तक्रारी बरोबर निघतील: सिन्नरचा थांबा आणि गाडीच्या वाटेवरच्या सातपूरचा थांबा एका दराने मोजणं त्याला पटणार नाही, आणि लांबच्या गावांसाठी वेगळा दर तेव्हाच काढावा लागेल.